दमट रात्रींसाठी सुती रात्रवस्त्र : वीण, सैलपणा आणि वाळण्याचा वेळ यांच्या नोंदी

४ मे

गेले दोन आठवडे पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि प्रत्येक वेळी सदऱ्याची पाठ ओली, तर पुढची बाजू जवळजवळ कोरडी असते. सदरा पॉपलिनचा, पूर्ण सुती आणि चांगल्या शिलाईचा आहे. त्यामुळे ‘सुती कपडे घाला’ एवढ्या सल्ल्याने माझे काम भागत नाही, हे उघड आहे. रात्रीच्या कपड्यांचे दोन नवे जोड शिवून घ्यायचे आहेत. त्याआधी कोणती वीण घ्यावी, कपडा किती सैल असावा आणि धुतल्यावर तो दमट खोलीत किती वेळात वाळतो, या तीन गोष्टी स्वतः मोजून पाहायच्या असे ठरवले आहे.

आज रात्री ११ वाजता खोलीत २९ अंश तापमान आणि ८२ टक्के आर्द्रता होती. पहाटे तीनला २८ अंश आणि ८६ टक्के. म्हणजे रात्र उलटते तसा उकाडा किंचित कमी होतो, पण हवा अधिक दमट होते. माझी जाग नेमकी त्याच वेळची असावी, हा योगायोग वाटत नाही.

५ मे

पाच कापडांचे तुकडे आणले : मलमल, केंब्रिक, पॉपलिन, सिअरसकर आणि होजिअरी. पहिली चार हातमागाच्या किंवा यंत्रमागाच्या साध्या विणीतली, म्हणजे उभा आणि आडवा धागा एकाआड एक वरखाली जाणारी आहेत. फरक धाग्याच्या जाडीत आणि दाटपणात आहे. सिअरसकरमध्ये मात्र उभ्या धाग्यांचे काही पट्टे ताणून आणि काही ढिले ठेवून विणतात, त्यामुळे ढिले पट्टे फुगून चुरगळल्यासारखे दिसतात. होजिअरी विणलेली नसून टाक्यांनी गुंफलेली असते, म्हणून ती ताणली जाते आणि अंगाला बिलगते.

सॅटिन विणीचे सुती कापडही हाताळून पाहिले. त्यात धागे बराच अंतर वरून तरंगत जातात, त्यामुळे पोत गुळगुळीत लागतो, पण तोच गुळगुळीतपणा ओल्या त्वचेवर सपाट चिकटतो. ते घेतले नाही.

७ मे

नव्या कापडावर खळ आणि इतर लेप असतात आणि ते निघाल्याशिवाय कापडाचा खरा स्वभाव कळत नाही. धुण्यापूर्वी पॉपलिनवर टाकलेला पाण्याचा थेंब पाऊण मिनिट मण्यासारखा तसाच उभा होता. कोमट पाण्यात साध्या साबणाने दोनदा धुतल्यावर तोच थेंब दोन सेकंदांत जिरला. कपडे मऊ करणारे द्रव शेवटच्या पाण्यात घालण्याची माझी सवय या कामापुरती तरी बंद केली आहे, कारण त्याचा थर धाग्यावर बसतो आणि पाणी शोषण्याची क्षमता कमी करतो. जुन्या पॉपलिनच्या सदऱ्यावरही थेंब सहा-सात सेकंद रेंगाळला, त्यामागे हीच सवय असावी.

आजची चूक : तुकडे ५० सेंटिमीटर चौरस कापले आणि मग धुतले. सिअरसकरचा तुकडा उभ्या बाजूने ४७.५ सेंटिमीटर झाला, केंब्रिकचा ४८.५. क्षेत्रफळच बदलल्यामुळे वजनांची तुलना करण्यात अर्थ उरला नाही. उरलेले कापड आधी धुऊन, वाळवून, त्यातून नवे तुकडे कापले. ही चूक इथे झाली हे बरेच झाले. कपडा बेतताना झाली असती तर बाही मनगटाच्या वर चढली असती.

८ मे

दुपारी हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना तुकड्यांची वजने घेतली. पाव चौरस मीटरच्या तुकड्याचे वजन मलमलचे १७ ग्रॅम, केंब्रिकचे २३, पॉपलिनचे ३१, सिअरसकरचे ३२ आणि होजिअरीचे ४० ग्रॅम भरले. एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर याहून लहान तुकडे ठेवले असते, तर मलमलच्या आकड्यावर विश्वास ठेवता आला नसता.

पहिल्या फेरीत तुकडे हाताने पिळले आणि आकडे अगदीच विसंगत आले, कारण जाड कापड पिळताना हात आपोआप जास्त जोर लावतो. दुसऱ्या फेरीत प्रत्येक भिजलेला तुकडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर एकदाच पूर्ण वजनाने उभे राहण्याची पद्धत ठेवली. त्यानंतर कापडात उरलेले पाणी असे होते : मलमलमध्ये १४ ग्रॅम, केंब्रिकमध्ये १९, पॉपलिनमध्ये २५, सिअरसकरमध्ये २८ आणि होजिअरीत ३८. आपल्या वजनाच्या जवळपास पाऊणपट ते एकपट पाणी प्रत्येकाने धरले. म्हणजे वाळण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी कापडाच्या वजनाचा प्रश्न आहे. विणीचा भाग त्यानंतर येतो.

१० मे

रात्री नऊनंतर, पंखा बंद ठेवून, २९ अंश आणि ८३ टक्के आर्द्रतेत तुकडे एकमेकांपासून हातभर अंतरावर दोरीला टांगले आणि दर पंधरा मिनिटांनी वजन केले. मलमल सव्वा तासात वाळली, केंब्रिकला पावणेदोन तास लागले, पॉपलिनला सव्वादोन, सिअरसकरला अडीच आणि होजिअरीला साडेतीन तासांहून अधिक. दुसऱ्या रात्री पंखा मध्यम वेगाने लावला तेव्हा प्रत्येक वेळ निम्म्याहून कमी झाला, क्रम मात्र तोच राहिला.

‘वाळली’ म्हणजे काय, हे ठरवताना थोडा घोळ झाला. होजिअरीचे वजन ४२ ग्रॅमवर थांबले आणि पुढे अर्धा तास हलले नाही, तरी दुपारचे वजन ४० होते. मला वाटले काटाच बिघडला. पण कापूस हवेतली ओल सतत घेत-सोडत असतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत तो आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरून असतो आणि हवा याहून दमट झाली की हे प्रमाण आणखी वाढते. रात्रीच्या त्या हवेत ४२ ग्रॅम हेच त्या तुकड्याचे कोरडे वजन होते. म्हणून सलग दोन वजनांत फरक न पडणे हीच ‘वाळल्याची’ खूण धरली आहे. पावसाळी दिवसांत कपाटातून काढलेला स्वच्छ सुती कपडा किंचित थंड आणि जड लागतो, तोही याच कारणाने. तो ओला नसतो.

१३ मे

आज वीण हवा किती सोडते ते पाहिले. कशिद्याच्या गोल चौकटीत कापड ताणून बसवले, चौकट पंख्यासमोर धरली आणि तिच्या मागे चार बोटांवर पातळ कागदाची पट्टी टांगली. कोरड्या मलमलमागे पट्टी जोरात फडफडली, केंब्रिकमागे तिरपी होऊन थरथरत राहिली, पॉपलिनमागे जेमतेम हलली. सिअरसकरमागे पट्टी हलली, पण फुगीर पट्ट्यांसमोर जास्त आणि सपाट पट्ट्यांसमोर कमी, म्हणजे त्याची वीण पॉपलिनपेक्षा फार मोकळी नाही.

खरी गंमत ओल्या कापडात दिसली. तीच कापडे भिजवून, टॉवेलमध्ये दाबून पुन्हा चौकटीत बसवली, तेव्हा पॉपलिनमागची पट्टी पूर्ण स्थिर राहिली. कापसाचा तंतू पाणी प्यायल्यावर लांबीत फारसा वाढत नाही, पण जाडीत फुगतो. दाट विणीत धाग्यांमधली आधीच अरुंद असलेली जागा त्याने भरते आणि उरलेल्या फटीत पाणी बसते. मलमलमध्येही सुरुवातीला छिद्राछिद्रात पाण्याचे पापुद्रे दिसत होते, उजेडासमोर धरल्यावर ते काचेसारखे चमकत होते; पण चौकट एकदा झटकल्यावर ते फुटले आणि पट्टी पुन्हा हलू लागली. माझ्या सदऱ्याची पाठ एकदा ओली झाली की सकाळपर्यंत का सुधारत नाही, याचे अर्धे उत्तर इथे मिळाले : घट्ट विणीचे कापड ज्या वेळी हवा सोडायला हवी, नेमक्या त्याच वेळी बंद होते.

१४ मे

दोरीवरचे वाळणे आणि अंगावरचे वाळणे एकच नव्हे, हे लिहून ठेवणे आवश्यक वाटते. नाहीतर १० मेच्या आकड्यांवरून थेट मलमल घेऊन मोकळे होण्याचा मोह होईल.

पाणी किती वेगाने उडेल हे ओल्या पृष्ठभागाजवळचा वाफेचा दाब आणि आसपासच्या हवेतला वाफेचा दाब यांच्या फरकावर ठरते. त्वचा आणि तिला टेकलेले ओले कापड ३५ अंशांच्या आसपास असेल तर तिथला दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. ३० अंशांच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत तो सुमारे ३.४ असतो. फरक २.२. तीच हवा ३० टक्के आर्द्रतेची असती तर हा फरक ४.३ झाला असता, म्हणजे दमट रात्री घाम उडण्याची ओढ निम्मी होते. दोरीवरच्या कापडाला मात्र अंगाची ऊब नसते. पाणी उडताना ते स्वतःच थंड होते आणि दमट हवेत हा फरक जेमतेम ०.२ उरतो. म्हणून दोरीवर तासन् तास घेणारे कापड अंगावर बरेच लवकर वाळते.

याची दुसरी बाजूही आहे. एक ग्रॅम घाम उडताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो, पण ती कुठून घेतो ते महत्त्वाचे. त्वचेवरून उडाला तर त्वचेची. जाड कापडाच्या बाहेरच्या अंगावरून उडाला तर तिच्यातला काही भाग खोलीतल्या हवेची. भरपूर पाणी शोषणारे जाड कापड त्वचा कोरडी ठेवते, पण तिला तेवढे थंड करत नाही. होजिअरीबद्दल माझा निर्णय इथेच झाला.

१७ ते २२ मे

अंगावरची चाचणी. जुना पॉपलिनचा सदरा, त्याच मापाचा मलमलचा आणि सिअरसकरचा, असे तीन सदरे आळीपाळीने प्रत्येकी दोन रात्री घातले. सदरा तासभर खोलीत टांगून ठेवल्यावर आणि पुन्हा पहाटे तीनला गजर लावून उठून, अशी दोन वजने घेतली. हा गजर लावण्याचा प्रकार घरातल्या इतरांना अजिबात पसंत पडला नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही पडला नसता.

पॉपलिनचा सदरा सरासरी १९ ग्रॅमने जड झाला, सिअरसकरचा १७ आणि मलमलचा १२ ग्रॅमने. केवळ आकडे पाहिले तर मलमल सरस. प्रत्यक्षात मलमलच्या दोन्ही रात्री अधिक त्रासाच्या गेल्या. ओला भाग पाठीवर दोन वितींएवढाच होता; तेवढ्या मलमलचे मूळ वजन जेमतेम ७ ग्रॅम, आणि त्यात जवळपास सगळे १२ ग्रॅम पाणी. कापड तुडुंब झाले, त्वचेला चिकटले, आणि कूस बदलताना सुटण्याऐवजी ताणले गेले. कुशीवर वळल्यावर अर्ध्या तासात ते वाळले खरे, पण पाठीवर झोपून असेपर्यंत त्याच्या विरळ विणीचा काही उपयोग नव्हता, कारण तिला हवा मिळायला मागे जागाच नव्हती. मागे गादी होती.

सिअरसकरची पाठ हाताला ओलसर लागत होती, त्वचेला मात्र तितकी जाणवत नव्हती. फुगीर पट्टे त्वचेला टेकतात आणि सपाट पट्टे त्यांच्यामध्ये किंचित अधांतरी राहतात, त्यामुळे अंगाखालीही बारीक फटी उरतात. उठल्यावर पाठीवर पट्ट्यांचे वळ उमटलेले दिसले. कापड पूर्ण सपाट दबले नव्हते, याचा याहून चांगला पुरावा मिळाला नसता.

२३ मे

सिअरसकर घेताना एक परीक्षा आवश्यक आहे. काही कापडांवर चुण्या विणून आणलेल्या नसतात. साध्या विणीच्या कापडावर दाहक सोड्याचे पट्टे लावून तेवढा भाग आकसवलेला असतो आणि अशा चुण्या इस्त्रीने आणि वापराने मंदावत जातात. तुकड्याच्या कोपऱ्यावर ओलसर असताना कडक इस्त्री फिरवली, मग धुऊन, न इस्त्री करता वाळवला. चुण्या पूर्ववत आल्या, म्हणजे त्या विणीतल्या आहेत. नीट पाहिल्यास फुगीर पट्ट्यातले उभे धागे शेजारच्या सपाट पट्ट्यातल्या धाग्यांपेक्षा लांब पडल्याचेही दिसते.

२४ ते २८ मे

सैलपणा. छातीचे माप ९६ सेंटिमीटर आहे. एकच मोठा सिअरसकर सदरा घेऊन त्याच्या दोन्ही कडांना धावदोऱ्याचे कच्चे टाके घातले आणि घेर क्रमाने १०४, ११६ आणि १३२ सेंटिमीटर केला. कापड तेच राहिल्यामुळे फरक पडला तो सैलपणाचाच. अंगाभोवती कपडा सगळीकडे सारख्या अंतरावर उभा आहे असे मानले, तर जास्तीच्या घेराला ६.२८ ने भागल्यावर सरासरी अंतर मिळते : ८ सेंटिमीटर सैल म्हणजे सव्वा सेंटिमीटर, २० म्हणजे तीनहून थोडे अधिक, ३६ म्हणजे पावणेसहा.

उभे असताना हा हिशेब पटतो. हात वरखाली केला की ११६ च्या घेरात गळ्यातून कोंडलेली ऊबदार हवा बाहेर पडताना हनुवटीला जाणवते. १०४ मध्ये असे काही होत नाही. झोपल्यावर मात्र हिशेब बदलतो. पाठीखालचे अंतर शून्य होते आणि जास्तीचे सगळे कापड पोटावर आणि कुशींवर येते. १३२ च्या घेरात दोन-तीनदा कूस बदलल्यावर जास्तीचे कापड पाठीखाली गोळा झाले. पहाटे पाहिले तर एका घडीत कापडाचे तीन थर होते आणि सगळी ओल तिथेच साचली होती. सैलपणा वाढवत गेलो की एका टप्प्यानंतर आपण हवा नव्हे, थर वाढवत असतो.

११६ चा घेर कायम केला. त्यापेक्षाही काखेची खोली ३ सेंटिमीटरने वाढवल्याचा परिणाम जास्त जाणवला, कारण काखेतला घाम चारही बाजूंनी बंद जागेत असतो आणि तिथे बाहीचा जोड, कुशीची शिवण आणि कापड असे सगळे एकत्र येते. बाही कोपराच्या वर आणि रुंद, गळा कॉलरशिवाय. पायजम्याला मांडीवर १८ सेंटिमीटर सैल, खाली घोट्याला उघडा.

शिंप्यांना मापे दिली तेव्हा ते म्हणाले, “एवढी मोठी काख ठेवली तर हात वर केल्यावर सगळा सदरा वर येईल.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. दिवसाच्या कपड्यात मी ते ऐकले असते. झोपेत हात वर केला तरी पाहणारे कोणी नसते, असे सांगितल्यावर ते हसून कापायला बसले.

३० मे

कापडाचा निर्णय. पाठ सिअरसकरची, पुढचा भाग, बाह्या आणि पायजमा केंब्रिकचा. पुढची बाजू ओली होतच नाही, तर तिथे मलमल का नको, हा प्रश्न होता. पण मलमलची विरळ वीण शिवणीपाशी ताण आला की फाकते, आणि जवळपास दुप्पट वजनाची पाठ खांद्यापाशी तिला ओढत राहील. केंब्रिक वजनात मलमलच्या जवळ आहे, हवा बऱ्यापैकी सोडते आणि शिवण धरते. दुसरा जोड तुलनेसाठी पूर्ण केंब्रिकचा.

दोन्ही कापडे वेगवेगळ्या प्रमाणात आटतात, म्हणून बेतण्याआधी दोन्ही दोनदा धुतली. तसे न करता शिवले असते तर पाठ पुढच्या भागापेक्षा आखूड होऊन कुशीच्या शिवणी चुरमडल्या असत्या.

९ जून

दोन्ही जोड शिवून आले. संध्याकाळी धुऊन, टॉवेलमध्ये दाबून, मंद पंख्याखाली वाळत घातले; २९ अंश, ८३ टक्के. केंब्रिकचा सदरा ५५ मिनिटांत वाळला, सिअरसकरची पाठ असलेला एक तास वीस मिनिटांत. दोन्हींत तळाची दुमड वीस-पंचवीस मिनिटे मागे राहिली, कारण ती सांगूनही रुंद घातली गेली आहे. खिसा नाही, त्याचा फायदा दिसला.

पायजम्याने मात्र निराशा केली. पाय तासाभरात कोरडे, आणि कंबर तीन तासांनंतरही बोटांना ओलसर. चार सेंटिमीटर रुंद इलॅस्टिक, त्याभोवती कापडाचे दोन थर, वरून चुण्या. त्यात हवा जाणार कुठून? शिवाय झोपेतला घाम कंबरेच्या मागच्या खोलगट भागात उतरतो, म्हणजे ही जागा धुण्यातही आणि अंगावरही सर्वांत शेवटी वाळणारी.

१२ जून

इलॅस्टिक काढून दीड सेंटिमीटर रुंद नेफा आणि सुती नाडी घातली, तळाची दुमडही सहा मिलिमीटरची केली. आज त्याच हवेत कंबर एक तास चाळीस मिनिटांत वाळली. नाडी स्वतः जाड विणीची असल्याने गाठीपाशी अजून ओल राहते; वाळत घालताना ती सोडून, सरळ लोंबती ठेवावी लागते.

१९ जून

सात रात्रींपैकी चार मिश्र जोडात आणि तीन पूर्ण केंब्रिकच्या जोडात काढल्या. मिश्र जोडात एकदाच जाग आली, तीही पंखा बंद पडल्यामुळे. केंब्रिकच्या जोडात दोन रात्री पाठ चिकटली, पण पॉपलिनसारखी सकाळपर्यंत नव्हे. कुशीवर वळल्यावर ती सुटली. कुशीवर झोपणाऱ्या माझ्या बहिणीने केंब्रिकचा जोड दोन रात्री वापरून पाहिला आणि तिला मिश्र जोडापेक्षा तोच आवडला, कारण सिअरसकरचे पट्टे तिला खांद्याखाली टोचतात. तिच्यासाठी पूर्ण केंब्रिकचा, माझ्यासाठी आणखी एक मिश्र जोड बेतायला दिला आहे. दोन्हीचे कापड आज दुसऱ्यांदा धुऊन दोरीवर आहे.